सेमिनारचं भाषण : बालविवाह फक्त गरिबीमुळे होतात का? वाचून कच्चे मुद्दे सांगा

काळीमाती
नमस्कार मंडळी. मी एमएसडब्ल्यूच्या दुसऱ्या वर्षाला आहे, गाव यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या बाजूला. पुढच्या आठवड्यात कॉलेजात सेमिनार आहे आणि मी विषय घेतलाय की बालविवाह चालू राहतात ते फक्त गरिबीमुळे नाही तर समाजात जे चालत आलंय त्यामुळे. मॅडम म्हणाल्या नुसतं मत नको, एक केस घे आणि ती शेवटपर्यंत उलगडून दाखव. भाषण लिहून झालंय, खाली देते. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही कारण ती मुलगी आजही त्या घरी नांदते आहे. कुठं कच्चं वाटलं तर सरळ सांगा.

"आदरणीय मॅडम, सर आणि मित्रमैत्रिणींनो,

एकाच गावातली, एकाच समाजाची दोन घरं सांगते. पहिल्या घरी बारा एकर वावर, विहिरीचं ओलीत, स्लॅबचं घर, मोठा मुलगा पुण्याला कंपनीत. या घरातल्या मुलीचं लग्न अकरावीत असताना झालं, तेव्हा तिला सोळा पूर्ण होऊन काही महिनेच झाले होते. दुसऱ्या घरी दीड एकर कोरडवाहू, आई-बाप दोघंही मजुरीला जातात, कापूस वेचणीच्या दिवसात मुलगीपण जाते. ही मुलगी एकोणीस वर्षांची आहे, बीएला आहे आणि घरात तिच्या लग्नाचा विषय अजून निघालेला नाही.

पहिल्या घरी पैशाची अडचण होती का? लग्नात आंदण पूर्ण दिलं, दोन्हीकडची जेवणं यांनीच दिली, तूर विकली तरी पुरलं नाही म्हणून वरून कर्ज काढलं. म्हणजे मुलीला लवकर दिल्याने या घराचा पैसा वाचला नाही, उलट गेला. मग घाई कशाची होती ते मी मुलीच्या वडिलांना विचारलं. ते म्हणाले, मला स्वतःला घाई नव्हतीच. दहावीनंतर मुलगी एसटीने तालुक्याला जायला लागली, संध्याकाळची गाडी चुकली की यायला अंधार व्हायचा. त्याच वर्षी नात्यातली एक मुलगी पळून गेली. त्यानंतर जो भेटेल तो विचारायला लागला, तुमचीचं काय ठरलं, कुठं बघितलं का. त्यांच्या घरी लहान मुलगी पण आहे. ते म्हणाले, मोठीबद्दल उद्या कोणी काही बोललं तर लहानीला कोण करून घेईल? तेवढ्यात नोकरीवाल्या मुलाचं स्थळ आलं आणि एका महिन्यात साक्षगंध उरकलं.

मग मी दोन प्रश्न विचारले. पहिला, शासनाने पन्नास हजार दिले असते तर थांबला असता का? ते म्हणाले, ते पैसे तर लग्नातच गेले असते. दुसरा, तुमच्या सोयऱ्यांत सगळ्यांनीच मुली वीसच्या पुढे द्यायचं ठरवलं असतं तर? या प्रश्नावर त्यांनी विचारच केला नाही, लगेच म्हणाले, मग कोण देतं सोळाव्या वर्षी?

दुसऱ्या घरची मुलगी थांबली कशी? तिची मावशी नर्स आहे, मुलगी तिच्याकडे राहून शिकली. आईचं माहेर अमरावतीकडे आहे, तिथं नात्यातल्या मुलींची लग्नं पदवीनंतरच होतात. गावात यांनाही नावं ठेवणारे आहेत, पण मुलगी ज्या लोकांत द्यायची ते लोक वेगळे आहेत, म्हणून गावातल्या बोलण्याचं वजन या घरावर कमी पडतं.

हरियाणात १९९४ मध्ये 'अपनी बेटी अपना धन' योजना आली. मुलगी जन्मली की तिच्या नावाने रोखे, आणि अठरापर्यंत लग्न केलं नाही तर पंचवीस हजार. त्या मुली २०१२ च्या सुमारास अठराच्या झाल्या आणि अभ्यासकांनी तपासलं तेव्हा अठराच्या आत लग्न व्हायचं प्रमाण या योजनेमुळे कमी झालेलं दिसलं नाही. उलट लाभ घेतलेल्या मुलींची लग्नं अठरा पूर्ण होताच उरकायचा कल दिसला आणि बऱ्याच घरांनी तो पैसा लग्नासाठीच ठेवला होता. घराला पैसा मिळाला, पण मुलगी म्हणजे लग्न करून द्यायची जबाबदारी ही समजूत जागच्या जागी राहिली.

आपल्या राज्यातही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी साधारण २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. परभणीत हे प्रमाण ४८ आणि बीडमध्ये ४४ च्या जवळ, आणि गडचिरोली, जो राज्यातल्या सगळ्यात गरीब जिल्ह्यांत मोजतात, तो राज्याच्या सरासरीच्या खाली. फक्त गरिबीने हे होत असतं तर गडचिरोली सगळ्यात वर दिसला असता."

इथपर्यंत झालंय. उपाय काय सांगायचा ते सुचत नाहीये.

सोयाबीनवाला
ताई लिहिलंय छान पण मला पटलं नाही. बारा एकरवाल्याचं घर म्हणजे अपवाद आहे आणि अपवाद घेऊन तुम्ही अख्खी गरिबी बाजूला काढली. त्याच पाहणीत बघा, देशभरात सगळ्यात गरीब घरांत प्रमाण सगळ्यात जास्त आणि सगळ्यात श्रीमंत घरांत सगळ्यात कमी, फरक थोडाथोडका नाही, कित्येक पटीचा आहे. आणि बीडचं नाव घेतलं तर कोयत्याचं पण सांगा ना. ऊसतोडीची उचल जोडीला मिळते, नवरा-बायको म्हणजे एक कोयता, मग पोराचं लग्न लवकर झालं की घरात एक कोयता वाढतो. हा सरळ पैशाचा हिशोब आहे, यात समाज काय म्हणेल हे कुठं आलं? आणि आई-बाप सहा महिने कारखान्यावर गेले तर वयात आलेली पोरगी गावात कोणाच्या भरवशावर ठेवायची?

काळीमाती
कोयत्याचा मुद्दा बरोबर आहे दादा, तो घालते. पण तुमचा शेवटचा प्रश्न बघा, पोरगी कोणाच्या भरवशावर ठेवायची. हाच प्रश्न पोरासाठी कोणी विचारत नाही. पोरगा पंधराचा असला तर आजीजवळ ठेवून जातात.

सोयाबीनवाला
ते मान्य. पण आजीजवळ पोरगी ठेवायची भीती वाटते ती उगाच वाटते असं थोडीच आहे? गावात होतात त्या गोष्टी.

गडचिरोलीकर
आमच्या जिल्ह्याचं नाव आलं म्हणून लिहितो. आमच्याकडे गोंड, माडिया समाजात मुलीच्या बापाला हुंडा द्यावा लागत नाही, उलट मुलाकडचे देतात. मुलगी शेतात, जंगलात बरोबरीने राबते, तिला घरातून लवकर घालवायची कोणाला घाई नसते. पोरंपोरी एकमेकांना बघतात, बोलतात, त्याचा कोणी मोठा गवगवा करत नाही. म्हणून तुमचा मुद्दा आमच्या बाजूने खराच आहे. पण एक सांगतो, सगळं चांगलंच आहे असं भाषणात म्हणू नका. आमच्याकडे काही पोरंपोरी स्वतःच्या मर्जीने कमी वयात सोबत राहायला लागतात, त्याचं लग्न नंतर केव्हातरी होतं, आणि अशी जोडी पाहणीत कोणत्या वयात धरली जाते हा प्रश्नच आहे. आणि जिथं आता बाहेरच्यासारखी हुंड्याची लग्नं सुरू झालीत तिथं गोष्टी बदलत आहेत.

किसना_पुसद
राम राम. विषय चालू हाय म्हणून इचारतो. माह्या लहान भावाचं लगन जमत नाही, वय बत्तीस, सात एकर वावर हाय पण शेतकऱ्याच्या पोराले कोणी पोरगी देत नाही, तालुक्यात सगळीकडं हीच बोंब हाय. आता एका ओळखीच्या माणसानं स्थळ आणलं, पोरगी सतराची हाय, घर गरीब हाय, ते म्हणतात आमच्याजवळ काहीच नाही, सगळा खर्च तुम्ही करा. आमी म्हणलं करतो. दोन्हीकडची मर्जी हाय, पोरगीबी हो म्हणते. आता देवळात करून टाकाव आन् अठरा झाले की नोंदणी कराव, चालते का? का आधार कार्डावर तारीख सुधरून घ्याव लागते?

जुना_ग्रामसेवक
किसनाभाऊ, नाही चालत. मी बरीच वर्षं ग्रामसेवक होतो, ग्रामीण भागात बालविवाह प्रतिबंधक अधिकारी म्हणून जबाबदारी ग्रामसेवकाचीच असते, म्हणून स्पष्ट सांगतो. मुलगी अठराच्या आत असली की दोन्हीकडची मर्जी असो नसो, २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा लागतो. तुमच्या भावाला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. लग्न लावणारा, जुळवून देणारा, तुम्ही, सगळे त्यात येता. देवळात केलं काय न् मांडवात केलं काय, सारखंच. आधारची तारीख बदलायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका, शाळेच्या दाखल्यावरची तारीख काढली की सगळं उघडं पडतं, वरून खोट्या कागदाची केस वेगळी. आणि त्या मुलीला दिवस गेले आणि दवाखान्यात वय कमी निघालं तर डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं, पोक्सो लागतो. या भीतीने काही घरं मुलीला दवाखान्यातच नेत नाहीत, आणि सोळा-सतराच्या मुलीचं बाळंतपण म्हणजे आधीच जोखीम. मुलगी अठराची होऊ द्या, शिकू द्या, मग बोला.

आता काळीमाती ताईसाठी. तुम्ही उपाय सुचत नाही म्हणता, म्हणून प्रत्यक्षात लग्न थांबवतो तेव्हा काय होतं ते सांगतो, त्यातून तुम्हालाच दिसेल. फोन येतो, कधी १०९८ या चाइल्डलाइनवरून, कधी अंगणवाडी सेविका हळूच सांगते. आम्ही दाखला काढतो, वय बघतो, पोलीस पाटलाला घेऊन घरी जातो. घरचे आधी नाही म्हणतात, मग रडतात, मग हमीपत्र लिहून देतात की अठरापर्यंत लग्न करणार नाही. फोटो काढला, पेपरात बातमी आली, लग्न रोखलं म्हणून. इथंच गफलत होते. हमीपत्रावर सही करणाऱ्या बापाला दुसऱ्या दिवसापासून त्याच लोकांत राहायचं असतं. आता मुलीचं लग्न मोडलं असं नाव झालेलं असतं, म्हणजे आधी जी भीती होती ती दुप्पट होते. मग महिन्याभरात मामाच्या गावाला किंवा एखाद्या देवस्थानाला जाऊन लावतात, पत्रिका नाही, बॅंड नाही. आम्हाला कळतं ते मुलगी शाळेत येत नाही तेव्हा.

म्हणून हमीपत्रावर थांबायचं नसतं. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याकडून मनाई हुकूम काढता येतो, आणि तो हुकूम मोडून लग्न लावलं तर ते लग्न मुळातच रद्द धरलं जातं. नाहीतर झालेला बालविवाह आपोआप रद्द होत नाही, हे भल्याभल्यांना माहीत नसतं. मुलीला स्वतः कोर्टात जावं लागतं आणि तेही वीस वर्षं पूर्ण होईपर्यंत. किती मुली जाणार? पण मनाई हुकूम ग्रामसेवक सहसा मागत नाही, कारण त्यालाही त्याच गावात घरपट्टी वसूल करायची असते, ग्रामसभा घ्यायची असते. मी स्वतः हे ओझं वागवलेलं आहे.

मीरा_वाशीम
माझं लग्न सोळाव्या वर्षी झालं. आता मुलगी दहावीला आहे. भाषण दोनदा वाचलं. तुम्ही बापाला दोन प्रश्न विचारले, ते चांगले आहेत. पण मुलीला एकपण प्रश्न विचारलेला नाही. मजुराच्या घरच्या मुलीलाही नाही. पूर्ण भाषणात दोघी मुली आहेत आणि दोघीपण एक शब्द बोलत नाहीत. माझ्या लग्नाच्या वेळी पण असंच होतं, सगळे माझ्याबद्दल बोलत होते, मी आत पोळ्या करत होते. वर एका दादांनी लिहिलं पोरगी हो म्हणते, तर मी पण हो म्हटलं होतं. मला नाही म्हणायचं असतं हेच माहीत नव्हतं.

काळीमाती
ताई, तुम्ही बोललात ते खरं आहे. मी मुलीला भेटले होते पण सासू पूर्ण वेळ शेजारी बसून होती, म्हणून विचारता आलं नाही आणि तिला अडचणीत टाकायचं नव्हतं. मजुराच्या मुलीशी बोलता येईल, या रविवारी जाते.

प्राध्यापक_अमरावती
समाजशास्त्र शिकवतो. भाषणातला सगळ्यात भारी भाग म्हणजे तो दुसरा प्रश्न, सगळे थांबले तर तुम्ही थांबाल का. तो प्रश्न आणखी पुढं न्या, कारण उपाय तिथंच आहे. बाप स्वतःच्या पसंतीने मुलगी सोळाव्या वर्षी देत नाही, इतर देतात आणि न दिल्यास नाव ठेवतील असं त्याला वाटतं म्हणून देतो. अशा जागी एकटं घर बदललं तर त्याचं नुकसान होतं, सगळी एकदम बदलली तर कोणाचंच होत नाही. आणि आत आणखी एक गोष्ट असते. गावातल्या बायकांना चिठ्ठीवर लिहायला सांगा, तुम्हाला स्वतःला कोणतं वय बरं वाटतं, आणि खाली लिहा, गावातल्या बाकीच्यांना कोणतं वाटत असेल. मी विद्यार्थ्यांकडून हे करवून घेतलंय. बहुतेकींनी स्वतःसाठी जास्त वय लिहिलं आणि शेजारणीसाठी कमी. प्रत्येकीला वाटतं मी एकटीच असा विचार करते. चिठ्ठ्या मिसळून तिथल्या तिथं मोठ्याने वाचल्या तेव्हा त्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

पण ही गोष्ट गावापुरती केली तर फसते, आणि ग्रामसभेचे ठराव बहुतेक इथंच फसतात. मुलगी गावात देत नाहीत. सून दुसऱ्या तालुक्यातून येते, मुलगी तिसऱ्या तालुक्यात जाते. बापाला धाक असतो तो सोयरिकीच्या लोकांचा. तुमची मजुराची मुलगी त्यामुळेच थांबली, तिच्या आईच्या सोयऱ्यांत उशिरा देणं चालतं. चीनमध्ये मुलींचे पाय बांधून लहान ठेवायची रीत कित्येक शतकं होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथं मंडळं निघाली, त्यात घरं शपथ घ्यायची की आम्ही मुलीचे पाय बांधणार नाही आणि पाय बांधलेली सून करणार नाही. शपथेचा दुसरा भाग महत्त्वाचा होता. मुलाकडच्यांनी बांधून घेतल्यामुळे मुलीच्या बापाची भीती गेली. आपल्याकडे शपथा देतात त्या शाळेतल्या मुलींना. द्यायला हव्यात वधू-वर मेळाव्यात, मुलाच्या आईला.

सोयाबीनवाला
सर, मेळाव्यात शपथ घेतली आणि घरी जाऊन किसनाभाऊंसारखं स्थळ आलं तर? बत्तीस वर्षांच्या पोराची आई शपथ पाळेल का? शेतकऱ्याच्या पोराला पोरगी मिळत नाही ही गोष्ट नवी आहे, पूर्वीची रीत नाही. आणि तिकडं जी पोरगी दिली जाते ती गरिबाचीच असते, खर्च नाही म्हणून. परत पैशावरच आलो आपण.

प्राध्यापक_अमरावती
हा प्रश्न मला पण सुटलेला नाही. पैसा बाजूला काढता येत नाही हे बरोबर. बांगलादेशात एक मोठा प्रयोग झाला, अविवाहित मुलगी अठराची होईपर्यंत घराला दर चार महिन्यांनी स्वयंपाकाचं तेल द्यायचं, वर्षाची किंमत फार नाही. तरी अठराच्या आतली लग्नं साधारण एक पंचमांशाने कमी झाली. त्याच प्रयोगात मुलींना नुसतं प्रशिक्षण, जीवनकौशल्यं वगैरे दिलं त्या गावांत लग्नाच्या वयावर असा परिणाम दिसला नाही. काळीमाती, हे भाषणात घ्या, कारण हरियाणाच्या उलटं आहे आणि श्रोत्यांतून कोणीतरी विचारेल. अभ्यासकांचं म्हणणं असं की तिथं उशीर झाला तर मुलाकडचे समजतात मुलीत काही खोट आहे, किंवा फार शिकलेली, आपलं ऐकणार नाही. तेलामुळे बापाला सांगायला कारण मिळालं. म्हणजे पैशाने भूक भागवली यापेक्षा बोलणी थांबवली असं त्यांचं मत. मला ते पटतं, पण तेवढ्याने सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही.

जुना_ग्रामसेवक
सरांचं तेलाचं ऐकून आठवलं. लेक लाडकी योजनेत मुलगी अठराची झाली की ७५ हजार मिळतात, पिवळ्या आणि केशरी कार्डवाल्यांना, १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलींना, आणि शेवटच्या हप्त्याला अविवाहित असल्याचं लिहून द्यावं लागतं. रचना हरियाणासारखीच, मोठी रक्कम शेवटी. या मुली अठराच्या व्हायला २०४१ उजाडेल. अधेमधे पैसे मिळतात पहिलीत, सहावीत, अकरावीत. माझ्या मते अकरावीचे आठ हजार खरे उपयोगाचे, कारण गळती तिथंच होते, दहावीनंतर, तालुक्याच्या एसटीपाशी. पण पास आणि वेळेवर गाडी असेल तर.

मीरा_वाशीम
एसटीचं बोललात ते बरोबर. आमच्या गावातल्या मुलींची शाळा नववीनंतर सुटली होती, आता सहा-सात जणी एकत्र जातात म्हणून घरचे सोडतात. एकटी असेल तर नाही सोडत. प्राध्यापक सर, तुमच्या सोयरिकीच्या शपथेत मुलींना पण बसवा. नाहीतर ते पण पुरुषांनी पुरुषांना दिलेलं वचन होईल.

किसना_पुसद
ग्रामसेवक सायेब, तुमचं वाचलं, आईले वाचून दाखवलं. आई म्हणते अठराले आठ महिने बाकी हायत, तवरक ते लोक दुसरीकडं देतील पोरगी. साक्षगंध करून ठेवलं तर चालते का?

जुना_ग्रामसेवक
भाऊ, साक्षगंधाच्या दिवशीच कुंकू लावून मुलीला घरी आणतात हे मी किती ठिकाणी बघितलंय. त्या मुलीच्या घरच्यांना तिची शाळा सोडवायला लावू नका आणि साक्षगंध पण आता करू नका. तुम्ही थांबलात आणि ते दुसरीकडं देतील असं वाटत असेल तर १०९८ ला फोन करा, नाव सांगावं लागत नाही.

किसना_पुसद
फोन केला तर ते आमच्यावर बिगडतील ना सायेब, सोयरे हायत दुरून.

गडचिरोलीकर
हेच तर काळीमाती ताई भाषणात सांगत आहेत भाऊ.

काळीमाती
किसनाभाऊ, फोन तुम्हाला जमत नसेल तर तालुका आणि गाव मला व्यक्तिगत निरोपात कळवा, मी आमच्या कॉलेजच्या मॅडमना सांगते, त्या बालकल्याण समितीशी बोलतील, तुमचं नाव कुठंच येणार नाही.

बाकी सगळ्यांना : कोयता, बांगलादेश आणि हमीपत्राचं फसणं, तिन्ही घेतलं. उपाय म्हणून मेळाव्यातली शपथ मांडते, पण सोयाबीनवाला दादांचा प्रश्न त्याच्यासोबतच मांडणार, मुली कमी आणि मुलं जास्त असतील तिथं मुलाची आई शपथ का पाळेल. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. रविवारी मजुराच्या मुलीकडे जाऊन आले की तिचं बोलणं तिच्याच शब्दात इथं टाकते, तिची परवानगी मिळाली तर.